लायसनवरच्या चार तारखा

ही पुस्तिका हातात घेणाऱ्याला आधी एक गोष्ट सांगून टाकतो. हिच्यात गाडी चालवण्याबद्दल काही नाही. जर्मनीत येऊन राहिलेल्या मराठी माणसाच्या खिशात जे महाराष्ट्रातलं लायसन असतं, त्याचा जर्मन अनुवाद कसा करावा, एवढ्याच कामाबद्दल ती आहे. तोही बहुतेक वेळा प्रत्यक्ष कार्ड न पाहता, फोनवर आलेल्या फोटोवरून करायचा अनुवाद. गेली १७ वर्षं मी हे काम शपथबद्ध अनुवादक म्हणून करतो आहे. कार्डावर मोजून पाच-पन्नास शब्द. करार किंवा खरेदीखत समोर आलं तर माणूस सावरून बसतो, लायसन मात्र दोन कामांच्या मधल्या वेळात उरकायचं काम वाटतं. माझ्या हातून सगळ्यांत जास्त चुका याच कामात झाल्या, म्हणून ही पुस्तिका.

लायसन तर इंग्रजीतच असतं, मग अनुवाद कशाला, असं प्रत्येक जण विचारतो. जर्मनीचा नियम असा आहे की, युरोपीय संघाबाहेरच्या देशाचं लायसन जर्मनमध्ये नसेल किंवा १९६८च्या व्हिएन्ना कराराच्या नमुन्यात बसत नसेल, तर त्याच्याबरोबर अनुवाद हवा. भारत त्या करारात आहे, पण आपलं कार्ड त्या नमुन्याचं नाही. युरोपच्या कार्डावर प्रत्येक रकान्याला क्रमांक असतो: १ आडनाव, २ नाव, ३ जन्म, ४ए कार्ड दिल्याची तारीख, ४बी कार्डाची मुदत, ९ वाहनांचे वर्ग, १० तो वर्ग पहिल्यांदा मिळाल्याची तारीख, ११ त्या वर्गाची मुदत, १२ अटी आणि निर्बंध. लायसन कार्यालयातल्या खिडकीपलीकडचा कारकून आयुष्यभर या क्रमांकांवरून नजर फिरवत आलेला असतो. त्याला ग्रीक येत नसलं तरी ग्रीसचं लायसन तो वाचू शकतो. आपलं कार्ड त्याला इंग्रजी येत असूनही वाचता येत नाही, कारण कुठली तारीख कशाची हे सांगणारा क्रमांकच त्यावर नसतो.

आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना इथे फार कामाला येत नाही. तो मुळात लायसनचा छापील अनुवादच असतो, एक वर्ष चालतो आणि मूळ कार्डाशिवाय त्याला किंमत नसते. जर्मनीत कायम राहायला आलेल्या माणसाचं परदेशी लायसन गाडी चालवण्यापुरतं सहा महिने चालतं, आणि आंतरराष्ट्रीय परवाना जवळ असला तरी ते सहा महिने वाढत नाहीत. त्यानंतर जर्मन लायसन घ्यावं लागतं. ज्या देशांचं लायसन परीक्षेशिवाय बदलून मिळतं त्यांच्या यादीत भारत नसल्याने लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा आपल्याला द्याव्या लागतात. मात्र नवशिक्यावर जे ठरावीक तासांचं शिक्षण बंधनकारक असतं, त्यातून लायसनवाल्याला सूट मिळते. ती सूट मागताना अर्जाला आपला अनुवाद जोडलेला असतो.

आता एक कार्ड घेतो. या पुस्तिकेतल्या निम्म्या गोष्टी मी त्याच्यावरून शिकलो.

सातारचा एक तंत्रज्ञ. इथल्या कारखान्यात नोकरीला आला. त्याआधी सातारा-पुणे रस्त्यावर त्याने काही वर्षं स्वतःचा टेम्पो चालवला होता. रात्री अकराला त्याने व्हॉट्सॲपवर दोन फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, ‘सर, सकाळी अपॉइंटमेंट आहे, फक्त लायसन आहे, छोटंच काम.’ फोटो ट्यूबलाइटखाली, स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या ताटावर कार्ड ठेवून काढलेला. चिपच्या सोनेरी चौकोनावर प्रकाशाचा ठिपका आला होता, आणि तिथून निघालेला पांढरा पट्टा थेट मुदतीच्या ओळीवरून गेलेला.

वाचता आलं ते असं. दिल्याची तारीख २३-०६-२००८. त्याखाली दोन मुदती: एनटी २२-०६-२०२ आणि पुढचा आकडा ३ की ८ ते कळत नाही, टीआर १७-११-२०१९. मागच्या बाजूला वाहनांचे वर्ग: एमसीडब्ल्यूजी २३-०६-२००८, एलएमव्ही २३-०६-२००८, आणि त्याच एलएमव्हीपुढे टीआर लावलेला तिसरा वर्ग, १८-११-२०१३. जन्म जानेवारी १९८५चा. नंबर एमएच ११ने सुरू होणारा, म्हणजे सातारा, आणि लगेच पुढे २००८ हे साल.

त्या पांढऱ्या पट्ट्यातल्या आकड्यापासून सुरुवात करतो. पहिलं काम म्हणजे त्याच कार्डावर दुसरीकडे ८ कुठे आहे ते शोधणं. तो २००८मध्ये होता. फोटो मोठा करून दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवले. छपाईचा ठसा एकच असल्याने ८ची डावी कड कशी बंद होते ते दिसत होतं, आणि पट्ट्याखालच्या आकड्याची डावी कड अर्धीच उरली होती. म्हणजे ८ असण्याची शक्यता जास्त, पण खात्री नाही.

दुसरं काम कायद्याने पडताळणं. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातला जुना नियम असा होता: खासगी वाहनांचं लायसन २० वर्षं किंवा धारकाला ५० वर्षं पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तिथवर. हा माणूस २०३५ साली पन्नाशी गाठणार, म्हणजे त्याला २० वर्षांचा नियम लागू. २३-०६-२००८ला दिलेलं लायसन २२-०६-२०२८पर्यंत, एक दिवस कमी, अगदी बरोबर. २०२३ धरलं तर १५ वर्षं होतात, आणि १५ वर्षांची मुदत त्या नियमात कुठेच बसत नाही. टीआरचंही तसंच. वाहतुकीच्या वाहनांची मुदत तेव्हा तीन वर्षांची असे. १८-११-२०१३पासून तीन वर्षं म्हणजे १७-११-२०१६, आणि एकदा नूतनीकरण केलं की १७-११-२०१९. कार्ड स्वतःशी सुसंगत होतं.

हा हिशेब करताना एक काळजी घ्यावी लागते. १ सप्टेंबर २०१९पासून मुदतींचे नियम बदलले. तिशीच्या आत काढलेलं लायसन आता वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं, ३० ते ५० वयात काढलं तर दहा वर्षं, ५० ते ५५मध्ये काढलं तर साठीपर्यंत, आणि त्यापुढे पाच-पाच वर्षं. वाहतुकीची मुदत तीनवरून पाच वर्षांवर गेली. म्हणजे एकाच घरातल्या दोन भावंडांच्या कार्डांवर वेगवेगळ्या हिशेबाने काढलेल्या मुदती असू शकतात आणि दोन्ही बरोबर असतात. कार्ड कुठल्या नियमाखालचं आहे ते आधी बघायचं, मग बेरीज करायची.

एवढं सगळं जुळल्यावर मोह होतो की २०२८ लिहून मोकळं व्हावं. तसं करायचं नाही. हिशेबाने आपली शंका कुठे आहे ते कळतं आणि गिऱ्हाइकाला नेमकं काय विचारायचं ते कळतं. अनुवादात मात्र फक्त डोळ्यांना दिसलेलं जातं. एकदा हिशेबावर आकडा भरायची सवय लागली की ज्या कार्डावर आरटीओनेच चुकीचा आकडा छापलाय, तिथे आपण ती चूक गुपचूप दुरुस्त करून बसतो, आणि मग मूळ कार्ड आणि अनुवाद शेजारी ठेवले की खोटा ठरतो तो अनुवाद. मी त्या रात्री त्याला लिहिलं: ताटावरून काढ. काळ्या, न चमकणाऱ्या कापडावर ठेव. सकाळच्या उजेडात खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून. कार्डाच्या चारही कडा दिसू देत. दोन्ही बाजू हव्यात. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर आकडे दाबले जातात. सकाळी साडेसातला दुसरा फोटो आला. २०२८ स्वच्छ दिसत होतं.

दुसरा फोटो मिळालाच नाही तर अनुवादात त्या जागी चौकटी कंसात ‘शेवटचा आकडा वाचता येत नाही’ असं लिहायचं. तारखेचे बाकीचे आकडे सोडून द्यायचे नाहीत. अपॉइंटमेंट हुकते, गिऱ्हाईक नाराज होतं, पण कारकून मूळ कार्ड हातात घेऊन तो आकडा स्वतः पाहू शकतो. त्यासाठीच प्रमाणपत्राच्या वाक्यात, अनुवाद मूळ कार्डावरून केला, झेरॉक्सवरून केला की इलेक्ट्रॉनिक रीतीने आलेल्या छायाचित्रावरून केला, हे लिहायचं असतं. मी ज्या फोटोवरून काम केलं त्याची छापील प्रत अनुवादाला टाचतो आणि शिक्का दोन्ही कागदांवर अर्धा-अर्धा येईल असा मारतो.

आता मोठा घोटाळा जिथे होतो ती जागा. सातारच्या या माणसाने आधी एकाकडून अनुवाद करून घेतला होता, तो त्याने मला नंतर दाखवला. त्यात मुदतीची ओळ एकच होती: वैध, १७-११-२०१९पर्यंत. ज्याने केला त्याने दोन तारखा पाहिल्या, एकाच लायसनला दोन मुदती कशा असतील म्हणून गोंधळला, आणि खालची, म्हणजे शेवटची म्हणून अंतिम, ती उचलली. खिडकीवर सांगितलं गेलं की तुमचं लायसन संपलंय. माणूस घाबरून गेला, कारण तो रोज तेच लायसन खिशात घेऊन फिरत होता.

एनटी म्हणजे नॉन-ट्रान्सपोर्ट, खासगी वाहनं. टीआर म्हणजे ट्रान्सपोर्ट, भाड्याची आणि मालवाहतुकीची वाहनं. टेम्पो विकल्यावर त्याने टीआरचं नूतनीकरण केलं नाही, करायचं कारणच नव्हतं. त्यामुळे खासगी गाडीचा हक्क जात नाही, तो २०२८पर्यंत शाबूत. कार्डावर हे कंसातल्या दोन-दोन अक्षरांत सांगितलेलं असतं, आणि आरटीओच्या जगाबाहेर त्या अक्षरांचा अर्थ कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. म्हणून दोन्ही तारखा, दोन्ही अक्षरं जशीच्या तशी, आणि खाली अनुवादकाची टीप: एनटी म्हणजे अमुक, टीआर म्हणजे तमुक, कार्डावर मुदती दोन आहेत. पण ‘म्हणून हे लायसन अजून वैध आहे’ असं टिपेत लिहायचं नाही. ते ठरवणं कारकुनाचं काम आहे, आणि नीट मांडलं तर तो ते बरोबर ठरवतो.

तारखांच्या बाबतीत चौथी तारीख हलकी वाटते आणि ती सगळ्यांत महाग पडते. ती म्हणजे वर्गासमोरची. कार्डाच्या दर्शनी बाजूची ‘दिल्याची तारीख’ आणि मागच्या बाजूला प्रत्येक वर्गासमोरची तारीख वेगळी असू शकते, युरोपच्या ४ए आणि १० या रकान्यांसारखी. आपल्याकडे अठराव्या वर्षी पोरं स्कूटरचं लायसन काढतात आणि घरात गाडी आली की चार-पाच वर्षांनी एलएमव्ही वाढवून घेतात. माझ्याकडे आलेल्या एका मुलीच्या कार्डावर समोर २०१२ होतं, एमसीडब्ल्यूओजी, म्हणजे बिनगिअरची दुचाकी, तीही २०१२ची, आणि एलएमव्ही २०२२चं. जर्मनीत नव्या चालकाला दोन वर्षं परीक्षाकाळ असतो, त्या काळात चूक झाली तर जास्त शिक्षण घ्यावं लागतं. परदेशात लायसन मिळाल्यापासून गेलेला काळ त्या दोन वर्षांत धरला जातो. मग तो काळ कुठल्या तारखेपासून मोजायचा, हा प्रश्न कारकुनापुढे येतो. अनुवादात एकच तारीख गेली तर तो प्रश्न त्याला पडतच नाही, आणि आपण त्याच्या वतीने उत्तर देऊन बसतो.

आता वर्गांकडे येतो, आणि माझ्या स्वतःच्या चुकीकडे. सुरुवातीच्या वर्षांत मी एलएमव्हीसमोर ‘वर्ग बी’ असं लिहीत असे. एलएमव्ही म्हणजे कार, आणि इथे कारला बी, इतकं ते सरळ वाटत होतं. एकदा खिडकीवरून अनुवाद परत आला, पेन्सिलीने बीभोवती गोल करून बाजूला प्रश्नचिन्ह. मी चिडलो, मग पुस्तकं काढून बसलो, आणि लाजलो. आपल्या कायद्यात हलकं मोटार वाहन ७,५०० किलोपर्यंत जातं. युरोपचा बी ३,५०० किलोला आणि चालकाशिवाय आठ माणसांना थांबतो. जर्मनीत १९९९पूर्वी ‘वर्ग ३’ नावाचा एक जुना वर्ग होता, तो साडेसात टनांपर्यंत चाले, म्हणजे वजनाच्या दृष्टीने आपल्या एलएमव्हीचा जवळचा भाऊ तोच. पण तो आता दिला जात नाही. एलएमव्हीला बी म्हणणं म्हणजे अनुवाद नव्हे, निकाल देणं. परदेशी वर्ग इथल्या कुठल्या वर्गात बसतात हे सांगायचं काम इथले मोटार क्लब करून देतात, त्यासाठी ते वेगळं वर्गीकरण लिहितात. शपथबद्ध अनुवादकाने त्या वाटेला जाऊ नये.

दुचाकीत गाठ अजून घट्ट आहे, कारण दोन्हीकडचे लोक दुचाकीची वाटणी वेगवेगळ्या गोष्टीवरून करतात. आपण गिअरवरून करतो: गिअर आहे तर एमसीडब्ल्यूजी, नाही तर एमसीडब्ल्यूओजी. बुलेट आणि शंभर सीसीची मोटारसायकल एकाच वर्गात. युरोप ताकदीवरून करतो: ११ किलोवॅट आणि १२५ सीसीपर्यंत ए१, ३५ किलोवॅटपर्यंत ए२, पुढे ए, आणि ताशी ४५ किलोमीटरच्या छोट्या गाड्यांना एएम. आपली रस्त्यावरची साधी ११० सीसीची स्कूटर बिनगिअरची म्हणून एएम ठरवली तर ती ४५ची झाली, जे ती नाही. ए म्हटलं तर धारकाला हार्ले डेव्हिडसनवर बसवलं. म्हणून मूळ अक्षरं जशीच्या तशी आणि पुढे वर्णन: ‘गिअर नसलेली मोटारसायकल’. एवढंच. गिअरच्या बाबतीत आणखी एक उलट सापळा आहे. युरोपात ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर कार्डावर सहसा ७८ हा आकडा येतो. एलएमव्हीत अशी नोंदच नसते. गिऱ्हाईक फोनवर सांगेल की मी क्लच असलेल्या गाडीवरच टेस्ट दिली होती. ते खरं असेल, पण कार्डावर नाही, म्हणून अनुवादातही नाही.

जुन्या कार्डांवर आणि पुस्तकवजा लायसनांवर मोठ्या वाहनांचे वेगळे वर्ग दिसतात, मध्यम मालवाहू, अवजड प्रवासी वगैरे. नोव्हेंबर १९९४च्या दुरुस्तीने ते सगळे ‘ट्रान्सपोर्ट व्हेइकल’ या एका नावाखाली गेले. जुनं नाव दिसलं तर जुनंच ठेवायचं, नव्यात बसवायचं नाही.

एका शब्दाबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं: एन्डॉर्समेंट. आरटीओच्या आवारात हा शब्द रोज कानावर पडतो. ‘एलएमव्हीचं एन्डॉर्समेंट करून घ्यायचंय’ म्हणजे वर्ग वाढवून घ्यायचा. एजंट, कारकून, ड्रायव्हिंग स्कूलचा माणूस सगळे याच अर्थाने वापरतात. पण कायद्याच्या २४व्या कलमात एन्डॉर्समेंट म्हणजे कोर्टाने लायसनवर मारलेला शिक्षेचा शेरा. आणि इंग्लंडमध्ये तर हा शब्द जवळपास फक्त त्याच अर्थाने चालतो: वेग ओलांडला, दारू प्यायली, की कोड आणि पॉइंट. आता विचार करा, सातारच्या माणसाच्या तिसऱ्या वर्गाला, टेम्पोच्या त्या टीआरला, अनुवादकाने इंग्लंडच्या कोशातून शब्द काढून ‘शिक्षेची नोंद’ लिहिलं तर? हा प्रकार कल्पनेतला नाही, असा एक कागद मी पाहिला आहे. मी या शब्दाला मनातल्या मनात आधी मराठीत आणतो. ‘वाढीव नोंद’ की ‘शेरा’? मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत हे आपलं नशीब. उत्तर सापडलं की मग जर्मन शब्दाकडे जातो. नुसत्या तारखेसमोर वाहनाचा वर्ग असेल तर ती वाढीव नोंद. कलम, कोर्ट, दंड किंवा निलंबनाचा काळ असेल तर शेरा, आणि तो शब्दन् शब्द उतरवायचा. गिऱ्हाइकाने ‘तेवढं जरा सोडा ना’ म्हटलं तरी.

नावांबद्दल पुस्तिकेत एक प्रकरण आहे, इथे दोन वाक्यांत. कार्डावर कधी आडनाव आधी, कधी शेवटी, मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आणि पासपोर्टवर हीच मंडळी वेगळ्या क्रमाने उभी. अनुवादात कार्डाचाच क्रम ठेवून पासपोर्टचा क्रम टिपेत द्यावा, तोही पासपोर्ट डोळ्यांनी पाहिला असेल तरच.

सातारच्या माणसाचा अनुवाद अखेर दीड पान झाला. वर्गांचा तीन ओळींचा तक्ता, चार तारखा, खाली तीन टिपा, आणि टाचलेला फोटो. खिडकीवरच्या बाईंनी एनटीची टीप वाचली, मूळ कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि अर्ज घेतला. पुढे त्याने लेखी परीक्षा इंग्रजीतून दिली, प्रत्यक्ष परीक्षेत एकदा नापास झाला, दुसऱ्यांदा पास. जर्मन कार्ड हातात देताना भारतीय कार्ड जमा करून घेतात, तसं त्याचंही घेतलं. हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि मीही आधी सांगायला विसरलो होतो. त्या लायसनाचा म्हणून त्याच्याकडे आता फोनमधला फोटोच आहे, दुसरा, खिडकीजवळ बायकोच्या काळ्या ओढणीवर ठेवून काढलेला.